दहापैकी नववा

नव्या व्हिडिओला व्ह्यूज कमी आले की पहिला निष्कर्ष ठरलेला असतो: ‘यूट्यूबनं चॅनल दाबलं.’ तुमचीही शंका तीच आहे, आणि पुरावा एकच: यूट्यूब स्टुडिओत नव्या व्हिडिओपुढे दिसणारा ‘१० पैकी ९’ हा क्रमांक. हा क्रमांक म्हणजे तुमच्या शेवटच्या दहा व्हिडिओंची, प्रत्येकाच्या तेवढ्याच वयातली, तुलना असते. आता असं धरा की दहाही व्हिडिओ सारख्याच तोडीचे आहेत आणि फरक केवळ योगायोगाचा आहे. तरीही कुणीतरी नववा येणारच! नवा व्हिडिओ शेवटच्या तिघांत पडण्याची शक्यता दहात तीन, म्हणजे काहीही बिघडलेलं नसताना साधारण दर तिसऱ्या-चौथ्या व्हिडिओला तुम्हाला धसका बसणार.

दुसरी चूक सरासरीची. समजा, पाककृतींच्या चॅनलवर आधीच्या नऊ व्हिडिओंचे पहिल्या आठवड्यातले व्ह्यूज असे आहेत: १४००, १६००, १८००, १९००, २०००, २४००, २७००, २९०० आणि ११,५००. शेवटचा आकडा गणेश चतुर्थीच्या तोंडावर टाकलेल्या उकडीच्या मोदकांचा. या नऊंची सरासरी ३१३३ भरते, पण मोदक सोडले तर एकही व्हिडिओ तिथवर पोचलेला नाही. चढत्या क्रमातला मधला आकडा, म्हणजे मध्यक, २००० आहे. दोडक्याच्या भाजीला १५०० मिळाले तर सरासरीच्या हिशेबानं निम्म्याहून जास्त घसरण दिसते. खरं तर तो आकडा चॅनलच्या नेहमीच्या पट्ट्यातलाच आहे. मोदकांनंतर दोडका खाली येणार, यात अल्गोरिदमचा रोष कसला?

‘पण मग खरी घसरण ओळखायची कशी?’ हा आक्षेप रास्त आहे. एका व्हिडिओवरून ती ओळखता येत नाही. एखादा व्हिडिओ मध्यकाखाली जाण्याची शक्यता निम्मी. सलग पाच जाण्याची बत्तिसात एक. तसं झालं, आणि सणासुदीचं किंवा परीक्षांचं कारण नसेल, तर शोध घ्या. आधी इम्प्रेशन्स पाहा, म्हणजे थंबनेल किती वेळा दाखवलं गेलं. मग त्यातल्या किती वेळा क्लिक झालं. यूट्यूबच्याच मदत-पानांनुसार निम्म्या चॅनलांचं आणि व्हिडिओंचं हे प्रमाण २ ते १० टक्क्यांच्या दरम्यान असतं. मात्र व्हिडिओ अनोळखी प्रेक्षकांपर्यंत पोचू लागला की हे प्रमाण घटतं, त्यामुळे ते एकटं पाहून घाबरू नये. इम्प्रेशन्स नेहमीएवढी आणि क्लिक कमी, तर थंबनेल-शीर्षक तपासा. क्लिक ठीक पण लोक पहिल्या अर्ध्या मिनिटात निघून जात असतील, तर सुरुवात तपासा.

राहता राहिले किरकोळ समज. सबस्क्रायबर म्हणजे हमखास प्रेक्षक नव्हेत. आणि व्हिडिओ काढून पुन्हा टाकल्यानं ‘नवी संधी’ मिळत नाही. जुन्या लिंक तुटतात, कमेंट जातात आणि मिळालेले १५०० व्ह्यूजही शून्यावर येतात.