कार्यशाळा छान झाली, पुढे काय?

रुग्णालयात हात स्वच्छ ठेवण्याची कार्यशाळा झाली की शेवटी एक फॉर्म फिरतो. वक्ता कसा वाटला, सभागृह कसे होते, विषय उपयुक्त वाटला का. परिचारिका घाईघाईने सगळीकडे पाचपैकी पाच गुण देतात, कारण ड्यूटीवर परतायचे असते आणि जेवणही बरे होते. प्रशिक्षण विभाग सरासरी काढतो आणि ‘कार्यक्रम यशस्वी’ असा अहवाल वर जातो.

१९५९ साली अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी प्रशिक्षण तपासण्याच्या चार पायऱ्या मांडल्या: सहभागींची प्रतिक्रिया, त्यांचे शिकणे, कामावरचे वर्तन आणि संस्थेला दिसणारा परिणाम. तो फॉर्म यातली फक्त पहिली पायरी मोजतो. तो निरुपयोगी नाही. वक्त्याचा आवाज मागच्या रांगेला ऐकू आला नसेल तर ते त्यातूनच कळते. पण प्रशिक्षण आवडणे आणि त्यातून शिकणे यांचा संबंध अभ्यासांमध्ये जवळजवळ शून्य निघाला आहे.

शिकणे मोजायचे तर कार्यशाळेच्या आधी आणि नंतर तीच परीक्षा घ्यावी लागते. हात स्वच्छ करण्याच्या बाबतीत लेखी प्रश्नांपेक्षा प्रात्यक्षिक बरे. अतिनील दिव्याखाली चमकणारे जेल हाताला चोळायला देतात. अंगठा आणि बोटांची टोके हमखास काळी राहतात, म्हणजे तिथे जेल पोचलेलेच नसते. अल्कोहोलचे द्रावण २० ते ३० सेकंद चोळायचे, हे पाठ असलेल्यांचेही असे होते.

खरी कसोटी वॉर्डात लागते. जागतिक आरोग्य संघटनेने हात स्वच्छ करण्याचे पाच क्षण ठरवून दिले आहेत: रुग्णाला स्पर्श करण्यापूर्वी, सलाईनची नळी घालण्यासारख्या निर्जंतुक कामापूर्वी, रक्त किंवा स्रावाशी संपर्क आल्यावर, रुग्णाला स्पर्श केल्यावर आणि त्याच्या खाटेच्या परिसराला हात लागल्यावर. निरीक्षक वॉर्डात उभा राहून असे क्षण किती आले आणि त्यांपैकी किती वेळा हात स्वच्छ झाले, हे टिपतो. समजा, कार्यशाळेपूर्वी २०० पैकी ८४ वेळा झाले, म्हणजे ४२ टक्के. महिन्याने १३० वेळा, म्हणजे ६५ टक्के. सहा महिन्यांनी पुन्हा ९६, म्हणजे ४८ टक्के. महिन्याच्या आकड्यावर थांबलेला अहवाल कार्यशाळेचे कौतुक करील. सहा महिन्यांचा आकडा सांगतो की सवय बसलीच नाही. आणि आधीचे ८४ मोजलेच नसते, तर ४८ हा आकडा चांगला की वाईट हेही ठरवता आले नसते.

या मोजणीत एक खोट आहे. वही घेऊन कोणी उभे आहे हे दिसले की हात जास्त वेळा स्वच्छ होतात. म्हणून वेगवेगळ्या पाळ्यांत, रात्रीसुद्धा, थोडा थोडा वेळ निरीक्षण करतात आणि वॉर्डात महिन्याला किती द्रावण संपले याच्याशी आकडे ताडून पाहतात. निरीक्षणात टक्केवारी वाढली पण बाटल्या पूर्वीइतक्याच संपल्या, तर निष्ठा वहीपुरती होती असे समजावे.

घसरण दिसली की पुन्हा कार्यशाळा घ्यायची घाई होते. आधी चूक कुठल्या क्षणी होते ते बघावे. रुग्णाला स्पर्श करण्यापूर्वीचा क्षण बहुधा जास्त चुकतो. नंतरचा कमी, कारण तिथे स्वतःला लागण होण्याची भीती असते. मग खाटेपाशी बाटली आहे का, ती भरलेली आहे का, एका सिस्टरकडे किती रुग्ण आहेत, इन्चार्ज सिस्टर स्वतः काय करतात, हे पाहावे. बाटली वॉर्डाच्या टोकाला असेल तर व्याख्यानाने ती जवळ येत नाही.

जिनिव्हाच्या विद्यापीठ रुग्णालयात दिदिए पिते आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ पासून हेच केले. भित्तिपत्रके लावली, खाटेजवळ अल्कोहोलचे द्रावण ठेवले, वारंवार निरीक्षण करून आकडे कर्मचाऱ्यांना दाखवले. हात स्वच्छ करण्याचे प्रमाण १९९७ पर्यंत ४८ वरून ६६ टक्क्यांवर गेले. द्रावणाचा वापर दर हजार रुग्ण-दिवसांमागे ३.५ लिटरवरून १५.४ लिटर झाला. रुग्णालयात होणाऱ्या संसर्गाचे प्रमाण १६.९ वरून ९.९ टक्क्यांवर आले. ही चौथी पायरी. मात्र तुलनेसाठी मोहिमेविना ठेवलेले दुसरे रुग्णालय नसल्याने ही सगळी घट हात स्वच्छ केल्यामुळेच झाली, असे छातीठोकपणे म्हणता येत नाही.

तिथे परिचारिका आणि त्यांचे मदतनीस सुधारले. डॉक्टरांचे प्रमाण मात्र शेवटपर्यंत कमीच राहिले.

तुमच्या कार्यालयात पुढची कार्यशाळा ठरली, तर सभागृह आरक्षित करण्याआधी दोन तारखा लिहून घ्या: आधीच्या मोजणीची आणि सहा महिन्यांनंतरच्या मोजणीची. त्यांच्यासाठी पैसा आणि माणूस नसेल, तर निदान अहवालात ‘यशस्वी’ हा शब्द लिहू नका.