छत्रीमागची कमान

गेटवे ऑफ इंडियासमोर काढलेल्या घरगुती फोटोत कुणी ना कुणी परका हमखास मध्ये येतो. समजा, चेहरे सगळे छान आले आहेत, पण मागच्या इमारतीची उजवीकडची छोटी कमान एका मोठ्या छत्रीने झाकली आहे. छत्री पुसणं अवघड नाही. तिच्यामागचा दगड आणायचा कुठून, हा खरा प्रश्न. त्याचं उत्तर फोटोतच असतं. जॉर्ज विटेटने आखलेली आणि १९२४ मध्ये पूर्ण झालेली ही वास्तू मधल्या मोठ्या कमानीच्या दोन्ही अंगांना सारखी आहे. म्हणजे झाकलेल्या कमानीची जोडीदार डावीकडे उघडी उभी आहे.

मग डावी बाजू उचलून, आरशासारखी उलटून उजवीकडे चिकटवली की झालं, असं वाटतं. पण फोटो अगदी समोरून काढलेला असेल तरच ते जमतं. आपण इमारतीच्या डावीकडे उभे होतो असं धरू. जवळची डावी कड मोठी दिसते, लांबची उजवी कड लहान. डावी कड १,२०० पिक्सेल उंच, उजवी ९०० आणि दोन्हींमधलं अंतर १,४०० असेल, तर इमारतीचा मध्य ७०० वर येत नाही. चारही कोपरे तिरक्या रेषांनी जोडून पाहा. त्या रेषा जिथे छेदतात तोच खरा मध्य, आणि तो डावीकडून ८०० पिक्सेलवर पडतो. फोटोचं अंतर नुसतं निम्मं करणारा इथेच १०० पिक्सेलने चुकतो.

म्हणून आधी भिंत सरळ करून घ्यायची. फोटोच्या प्रतीवर भिंतीचे चार कोपरे निवडून ते आयताच्या चार कोपऱ्यांवर ताणायचे. जिंप या मोफत प्रोग्रॅममध्ये Perspective हे साधन Corrective (Backward) या पद्धतीने वापरलं की हे होतं. फोटोशॉपमध्ये Distort ने कोपरे ओढता येतात. आयताची लांबी-रुंदी इमारतीच्या मापात तंतोतंत नसली तरी बिघडत नाही, कारण शेवटी ते ताणणं आपण उलट फिरवणारच आहोत. चारही बिंदू मात्र एकाच सपाटीवरचे हवेत. तीन भिंतीवरचे आणि चौथा पुढे आलेल्या बुरुजावरचा घेतला, तर सगळंच तिरपं होतं. भिंगामुळे सरळ कडा फुगीर दिसत असतील तर तो दोष त्याआधी काढावा.

आता सरळ झालेल्या भिंतीवर डावी कमान उजवीकडे न्यायची. इथे सवयीने सगळे Flip Horizontal दाबतात, आणि कमान खोटी दिसू लागते. त्याचं कारण कमानीच्या खोलीत आहे. डावीकडे उभं राहिलेल्याला प्रत्येक कमानीची उजवी आतली बाजू दिसते. उलटलेल्या कमानीत डावी दिसू लागते. ऊन उजवीकडून येत असेल तर कमानीच्या आत सावली उजव्या बाजूला हवी. उलटल्यावर तीही डावीकडे जाते. पाहणाऱ्याला नेमकं काय चुकलं ते सांगता येत नाही, पण काहीतरी खटकतं.

छोटी कमान स्वतःच दोन्ही बाजूंनी सारखी असल्याने ती उलटायची गरजच नसते. तशीच सरकवली की सावली आणि आतली बाजू दोन्ही योग्य जागी राहतात. उलटायचं ते फक्त भिंतीच्या बाहेरच्या टोकाचं काम, म्हणजे ज्याला स्वतःला डावं-उजवं आहे ते, आणि त्यावरच्या सावल्या नंतर हाताने सुधारायच्या. लांबची कमान जास्त तिरकस दिसत असल्याने तिची आतली बाजू थोडी रुंद दिसायला हवी. तेवढा फरक मात्र या पद्धतीत राहून जातो.

मग हा तुकडा मूळ फोटोतल्या चार बिंदूंवर परत बसवायचा आणि छत्रीच्या आकारापुरताच ठेवायचा. जवळचं लांब नेताना तो लहान होतो, त्यामुळे स्पष्टपणा टिकतो. लांबचं जवळ आणायचं असतं तर तो ताणला जाऊन धूसर झाला असता. बसवलेला तुकडा शेजारच्या दगडापेक्षा कोरीव वाटला तर किंचित मऊ करावा. तपासायला दगडांचे थर पाहावेत: छत्रीच्या जागेत शिरणारी प्रत्येक आडवी रेषा न मोडता पलीकडे निघायला हवी.

जे सारखं दिसतं ते सारखंच असतं असं मात्र नाही. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या प्रवेशद्वारावर एका खांबावर सिंह आहे, दुसऱ्यावर वाघ. पहिला ब्रिटनचा, दुसरा भारताचा. झाकलेल्या खांबासाठी शेजारचा उचलला तर दोन सिंह होतील आणि फोटो निर्दोष दिसूनही खोटा ठरेल. म्हणून कॉपी करण्याआधी त्याच जागेचा दुसरा एखादा फोटो शोधून झाकलेल्या भागात खरोखर काय आहे ते बघून घ्यावं.