उशीर झाला तर किती कापायचे? करारातला ‘दंड’ आणि कोर्टाची कात्री

मागच्या एपिसोडनंतर बऱ्याच जणांचा एकच प्रश्न आला: ‘करारात दंड लिहिलाय आणि समोरच्याने सहीसुद्धा केलीय, मग तेवढे पैसे मिळणारच ना?’ याचं सरळ उत्तर आहे, मिळतीलच असं नाही. आज तेच नीट समजून घेऊ.

समजा, परंडा तालुक्यातल्या सोनारीच्या एका शेतकऱ्याने कांदाचाळ बांधायला दिली. काम 4 लाखांचं, 15 मार्चपर्यंत पूर्ण करायचं. करारात लिहिलं की उशीर झाल्यास दिवसाला 500 रुपये, जास्तीत जास्त 20,000. ही रक्कम ठरवताना दोघांनी हिशेब केला होता: चाळ वेळेत झाली नाही तर कांदा भाड्याच्या गोडाऊनमध्ये ठेवावा लागेल, वाहतूक आणि हमाली दोनदा पडेल. नुकसानीचा असा आधीच बांधलेला अंदाज म्हणजे ‘लिक्विडेटेड डॅमेजेस’.

आता याच करारात दुसरं वाक्य असतं तर? ‘एक दिवस जरी उशीर झाला तरी ठेकेदाराने 2 लाख द्यायचे.’ एका दिवसाच्या उशिराने निम्म्या कामाच्या किमतीएवढं नुकसान कसं होईल? हा आकडा नुकसानीचा नाही, धाक दाखवण्यासाठीचा आहे. कायद्याच्या भाषेत ही ‘पेनल्टी’.

इंग्लंडमध्ये कलम पेनल्टी ठरलं की कोर्ट ते लागूच करत नाही. आपल्याकडे वेगळं आहे. 1872 च्या भारतीय करार कायद्याचं कलम 74 दोन्हींना एकच नियम लावतं: वाजवी भरपाई मिळेल, पण करारात लिहिलेल्या रकमेपेक्षा जास्त नाही. म्हणजे लिहिलेला आकडा हे छत आहे. 20 दिवस उशीर झाला तर आपल्या शेतकऱ्याचे 10,000 होतात. प्रत्यक्षात 30,000 चा फटका बसला असला तरी उशिरापोटी 10,000 च्या वर जाता येत नाही. आणि दुसऱ्या करारात 2 लाख लिहिले असले तरी कोर्ट ते खाली आणून वाजवी तेवढेच देईल.

मग नुकसान सिद्ध करावं लागतं का? इथे दोन निकाल शेजारी ठेवून बघा.

पहिला ओएनजीसी विरुद्ध सॉ पाइप्स, 2003. तेलविहिरींसाठीचे पाइप उशिरा आले, कारण युरोपातल्या पोलाद कारखान्यांत संप झाला होता. ओएनजीसीने करारातल्या कलमाप्रमाणे बिलातून रक्कम कापली. लवाद म्हणाले, आधी नुकसान सिद्ध करा. सुप्रीम कोर्टाने मात्र कपात कायम ठेवली. पाइप न आल्याने विहिरीचं काम किती रखडलं आणि त्याचे किती रुपये झाले, हे मोजणंच अवघड असतं. अशा वेळी आधी प्रामाणिकपणे ठरवलेला अंदाज चालतो.

दुसरा कैलाश नाथ विरुद्ध दिल्ली विकास प्राधिकरण, 2015. लिलावात सुमारे 3.12 कोटींच्या भूखंडासाठी कंपनीने 78 लाख इसारा भरला होता. व्यवहार रद्द करून प्राधिकरणाने इसारा जप्त केला आणि पुढे तोच भूखंड 11.78 कोटींना विकला. प्राधिकरणाने करार मोडला, कंपनीने नाही, असं कोर्टाने ठरवलंच. शिवाय सांगितलं की नुकसानच झालं नाही तर भरपाई कशाची? पैसे परत करायला लावले.

दोन्ही एकत्र वाचले की नियम कळतो. नुकसान मोजता येत असेल तर मोजून दाखवा. मोजणं अवघड असेल तर आधीचा वाजवी अंदाज चालेल. पण नुकसान अजिबात झालंच नसेल, तर नुसत्या सहीवर पैसे मिळत नाहीत. चाळ 20 दिवस उशिरा झाली, पण कांदा काढणीच महिनाभर पुढे गेली होती, तर ठेकेदार नेमकं हेच म्हणेल. शेतकऱ्यानेच वाळू-सिमेंटचे पैसे उशिरा दिले असतील, तर त्या दिवसांचा उशीर ठेकेदाराच्या माथी मारता येणार नाही.

आणखी एक गोष्ट. मुंबई हायकोर्टाचे मुख्य न्यायाधीश एम. सी. छागला यांनी 1950 च्या दशकातच सांगून ठेवलंय की अशी रक्कम कोर्टाने ठरवेपर्यंत ‘कर्ज’ होत नाही. बिलातून कापायची मुभा करारात असेल तर कापता येते. पण समोरचा कोर्टात गेला की कपात टिकवायची जबाबदारी आपली.

म्हणून करार करताना आकड्याशेजारी तो कसा काढला हे एका ओळीत लिहा: गोडाऊनचं भाडं इतकं, वाहतूक इतकी. उशीर झालाच तर गोडाऊनची पावती, टेम्पोचं बिल आणि तारखेसह फोटो जपून ठेवा. आणि सही करणारे तुम्ही असाल, तर उशिराच्या दिवसाप्रमाणे न वाढणारी एकगठ्ठा मोठी रक्कम दिसली की तिथेच थांबून विचारा, ‘हा आकडा आला कुठून?’