लाल शिरोरेखेचा रंग कुठे सांडतो?

काळ्या पार्श्वभूमीवर भडक लाल अक्षरं लिहून चित्र जेपीईजीमध्ये साठवलं आणि मोठं करून पाहिलं, की अक्षरं मळकट दिसतात आणि भोवतीच्या काळ्यात तांबूस झाक उतरलेली असते. पांढऱ्यावरच्या काळ्या मजकुरात मात्र असा रंग पसरत नाही. दोष एकाच ठिकाणी का दिसतो, याचं उत्तर जेपीईजी रंग कसा साठवतं त्यात आहे.

पडद्यावरचा प्रत्येक पिक्सेल लाल, हिरवा आणि निळा अशा तीन आकड्यांचा असतो. जेपीईजी सहसा त्यांची फेरमांडणी करतं. पहिला आकडा उजेडाचा, म्हणजे ल्युमा:

Y = 0.299R + 0.587G + 0.114B

उरलेले दोन, Cb आणि Cr, हा क्रोमा. निळा आणि लाल घटक त्या उजेडापासून किती दूर आहेत, ते हे आकडे सांगतात. दोन्ही १२८ असले तर रंग नाहीच. काळा, पांढरा, करडा सगळे तिथेच. म्हणून काळ्या-पांढऱ्या मजकुरात पसरायला रंगच उरत नाही.

माणसाच्या डोळ्याला उजेडातले बारीक फरक नेमके कळतात, रंगातले तितके नाहीत. याचा फायदा घेऊन 4:2:0 या प्रचलित पद्धतीत ल्युमा प्रत्येक पिक्सेलचा ठेवतात, पण क्रोमा दोन बाय दोनच्या चौकोनात एकदाच, सरासरी काढून. चार पिक्सेलचे बारा आकडे सहावर येतात. आभाळ, चेहरे, झाडी यांच्या फोटोत ही काटकसर सहसा जाणवतही नाही.

आता एक पिक्सेल जाडीची लाल शिरोरेखा घ्या. ती कुठेही असली तरी तिच्या चौकोनात एक ओळ लाल आणि एक काळी येणारच. शुद्ध लालचा Cr २५५, काळ्याचा १२८. सरासरी सुमारे १९१. Cb चंही तसंच होतं. चित्र उघडताना ल्युमा जागच्या जागी असतो, रंग मात्र दोघांत वाटलेला. परिणामी २५५ तीव्रतेचा लाल साधारण १६५ वर घसरतो, त्यात थोडा हिरवा-निळाही मिसळतो, आणि शेजारच्या काळ्या पिक्सेलमध्ये सुमारे ८९ इतका लाल शिरतो. रेघ तिथेच आहे. रंग तिच्याबाहेर गेला आहे. चित्र उघडणारे अनेक प्रोग्रॅम चौकोनांमधले रंग आणखी मऊ करून जोडतात, त्यामुळे ही झाक पुढच्या पिक्सेलपर्यंतही जाते.

अक्षरांभोवती दिसणारे करडे तरंग वेगळे. ते पुढच्या टप्प्यात तपशील गाळल्यामुळे येतात आणि दर्जा वाढवला की कमी होतात. रंगाची झाक तेवढ्याने जाईलच असं नाही, कारण दर्जा वाढवल्यावर क्रोमाची काटछाट थांबवायची की नाही, हे प्रत्येक प्रोग्रॅम आपलं आपण ठरवतो. इमेजमॅजिकमध्ये ती स्पष्टपणे बंद करता येते:

```
magick falak.png -sampling-factor 4:4:4 falak.jpg
```

यासाठी मूळ चित्र हाताशी हवं. आधीच 4:2:0 मध्ये साठवलेली फाइल पुन्हा 4:4:4 केली, तर पसरलेला रंगच अधिक निगुतीने जपला जातो.