मीटरवर भरलेला, गीझरमध्ये रिकामा

थंडीच्या दिवसांत गॅस गीझरची एक तक्रार ठरलेली. नळ सोडला की आतून टिक-टिक ऐकू येते, कधी ठिणगीही दिसते, पण बर्नर काही पेटत नाही. घरात कोणाकडे मल्टिमीटर असेल तर सेल काढून तपासले जातात. एक १.४८ व्होल्ट, दुसराही तेवढाच. सेलवर १.५ छापलेले असते, म्हणजे सेल ठणठणीत, असे ठरवून ते परत बसवतात आणि मेकॅनिकला फोन जातो. तो येतो, नवे सेल घालतो आणि गीझर पेटतो. मग मीटर खोटे बोलले का? नाही. त्याला जे विचारले त्याचे त्याने बरोबर उत्तर दिले. प्रश्न चुकला होता.

व्होल्टेज मोजताना मीटर सेलकडून करंट जवळपास घेतच नाही. चांगल्या डिजिटल मीटरचा स्वतःचा रोध साधारण १ कोटी ओहम असतो. दीड व्होल्टच्या सेलमधून त्यात जाणारा करंट होतो ०.१५ मायक्रोअँपिअर, म्हणजे नसल्यातच जमा. गीझरचे तसे नाही. पाण्याच्या दाबाने आतला स्विच दाबला गेला की दोन कामे एकदम सुरू होतात. ठिणगी पाडणारे सर्किट चालू होते आणि गॅसचा मार्ग उघडणारा विजेवरचा व्हॉल्व्ह ओढला जातो. एकदा ओढला गेल्यावर तो धरून ठेवायला थोडा करंट पुरतो, पण त्या पहिल्या झटक्याला काही शे मिलिअँपिअर लागतात. मीटरने मागितले त्याच्या दहा लाख पटीहून जास्त.

प्रत्येक सेलच्या आत स्वतःचा एक रोध असतो. सेल नवा असताना तो ओहमचा छोटासा भाग असतो. वापर वाढत जातो तसा जस्ताचा डबा झिजतो, आतला ओलसर लगदा सुकतो, रासायनिक क्रियेतून तयार झालेले पदार्थ वाटेत साचतात आणि हा रोध वाढतो. उघड्या सेलचे व्होल्टेज मात्र मुख्यतः आतली रसायने कोणती यावर ठरते. ते वापराबरोबर उतरते खरे, पण हळू. गच्चीवरची टाकी भरलेली असावी आणि खाली येणारा पाइप क्षारांनी बुजलेला असावा, तसे हे आहे. नळ बंद असताना दाब पूर्ण, नळ सोडला की करंगळीएवढी धार. थंडीत आतली क्रिया मंदावते आणि रोध आणखी वाढतो. उन्हाळ्यात कसेबसे चाललेले सेल डिसेंबरच्या सकाळी हात टेकतात ते यामुळेच.

म्हणून सेल लोडवर मोजायचा. त्यासाठी ४.७ ओहमचा, एक-दोन वॉटचा रेझिस्टर पुरेसा आहे. इलेक्ट्रॉनिक सामानाच्या दुकानात तो काही रुपयांत मिळतो. अगदी छोटा पाव वॉटचा घेऊ नका. दीड व्होल्टला यात जवळपास अर्धा वॉट उष्णता तयार होते, तो करपेल. मीटर डीसी व्होल्टवर ठेवून प्रोब सेलच्या दोन टोकांना लावा आणि आकडा पाहा. मग प्रोब तसेच ठेवून रेझिस्टरची टोकेही सेलला टेकवा, पाच सेकंद धरा आणि पुन्हा आकडा पाहा.

समजा नवा सेल रिकामा १.५२ दाखवतो आणि लोडवर १.४२ ला स्थिरावतो. ०.१ व्होल्टची घट आणि करंट १.४२ भागिले ४.७, म्हणजे सुमारे ०.३ अँपिअर. घटीला करंटने भागले की आतला रोध मिळतो: साधारण ०.३३ ओहम. आता गीझरमधला तो १.४८ वाला सेल. लोड लावताच तो १.१ वर येतो आणि बघता बघता ०.९५ पर्यंत घसरतो. करंट ०.२ अँपिअर, घट ०.५३, म्हणजे रोध २.६ ओहम, नव्याच्या आठपट. गीझरमध्ये असे दोन सेल एकापुढे एक, म्हणून आत ५.२ ओहम. व्हॉल्व्हची कॉइल १० ओहमची धरली तर रिकाम्या २.९६ व्होल्टमधले तिच्या वाट्याला येतात जेमतेम १.९५. ठिणगीच्या सर्किटने आपला वाटा घेतला की त्याहूनही कमी. ठिणगीला थोडक्यात भागते, म्हणून टिक-टिक येत राहते. व्हॉल्व्ह ओढला जात नाही, म्हणून गॅस येत नाही.

माझा ठोकताळा असा: गीझरच्या जाड सेलने या लोडवर १.३ च्या वर टिकावे. १.१ च्या खाली गेला की तो गीझरसाठी संपला. आकड्याइतकेच त्याच्या हालचालीकडे लक्ष द्या. थोडा उतरून थांबला तर ठीक, उतरतच राहिला तर सेल थकलेला आहे. लोड काढून काही मिनिटांनी तोच सेल पुन्हा १.४५ च्या वर दिसेल. विश्रांती मिळाली की सेल सावरतो. बाथरूममधून टेबलापर्यंत येईस्तोवर त्याला हीच विश्रांती मिळालेली असते.

काही स्वस्त मीटरांवर सेल तपासण्याची वेगळी खूण असते. तिथे मीटर स्वतः थोडा लोड लावतो. रिमोटच्या सेलसाठी तो चालतो, गीझरसाठी बहुधा हलका पडतो. लोड नेहमी उपकरणाच्या भुकेला साजेसा हवा. बटण सेलला ४.७ ओहम लावणे म्हणजे त्याच्यावर अन्याय. सीआर२०३२ साठी ४७० ओहम घ्या, सुमारे ६ मिलिअँपिअर होतात. आणि १० अँपिअरच्या खाचेत प्रोब घालून थेट सेलला लावायची जी पद्धत आहे ती सोडा. ते सरळ शॉर्ट करणे आहे. मोबाइलच्या किंवा गाडीच्या बॅटरीवर असे केले तर हात भाजेल, मीटरही जळेल.

लोडवर सेल उत्तम निघाले आणि तरी गीझर पेटत नसेल तर सेलच्या डब्याकडे पाहा. बाथरूमच्या दमटपणात स्प्रिंगा गंजतात, हिरवट-पांढरा थर चढतो आणि तो थरही रोधच असतो. आधी सिलिंडरचा रेग्युलेटर बंद करा. मग सेल बसवून नळ सोडायला सांगा आणि टिक-टिक चालू असतानाच दोन सेलच्या जोडीच्या दोन टोकांवर मोजा, लगेच डब्यातून बाहेर पडणाऱ्या वायरींवर मोजा. ठिणगीमुळे आकडा थरथरेल, अंदाज घ्या. ठिणगीच्या तारेला हात लावू नका. सेलवर २.८ आणि वायरींवर २.१ असेल तर मधले ०.७ व्होल्ट गंज खातो आहे. पॉलिश पेपरने पत्र्या घासा, नवे सेल आणायची गरज नाही.

सेलच बदलायचे असतील तर दोन्ही एकदम बदला. एक जुना ठेवलात तर त्याचा रोध नव्यालाही अडवतो, आणि नव्याच्या जोरावर जुना पूर्ण पिळला जाऊन गळू लागतो. काढलेला १.४८ वाला फेकायची घाई नको. जाड सेलवर चालणारे जुने भिंतीवरचे घड्याळ घरी असेल तर त्यात घाला. घड्याळाला क्षणभर काही मिलिअँपिअर लागतात, तेवढ्याला २.६ ओहमची अडचण होत नाही. फक्त महिन्या-दोन महिन्यांनी झाकण काढून तो पाझरत नाही ना, एवढे बघत जा.