‘आम्ही’मधला ‘मी’ शोधताना

बायोडेटात ओळ असते: ‘गोदामातला माल पाठवण्याचा वेळ 3 दिवसांवरून 1 दिवसावर आणला.’ मुलाखतीत उमेदवार सांगतो, ‘आम्ही पद्धत बदलली.’ इथेच थांबून विचारावं: त्यात तुमच्या हातचं काम कोणतं? 3 दिवस कुठे जात होते? वेळ मोजला कसा? तुमची कोणती सूचना फसली?

ज्यानं काम केलंय, तो बिलं संध्याकाळी एकदम बनायची, ती दुपारपासून बनवायला लावली, असं नेमकं सांगतो. ज्यानं फक्त पाहिलंय, तो पुन्हा ‘टीम’कडे वळतो. मात्र काहीजण नम्रतेनंही ‘आम्ही’ म्हणतात. म्हणून निकाल शब्दावर नको, दुसऱ्या-तिसऱ्या प्रश्नाच्या उत्तरावर द्यावा.