अकरा बिंदू, नऊ मोकळे

रिग्रेशन शिकवताना मी विद्यार्थ्यांच्या हाती एक कागद देते. त्यावर फ्रान्सिस अ‍ॅन्स्कोम्ब यांनी 1973 साली प्रसिद्ध केलेल्या चार संचांपैकी पहिला संच असतो. त्यात x आणि y च्या अकरा जोड्या आहेत. x च्या किमती 4 ते 14 आणि सरासरी 9. लघुतम वर्ग पद्धतीने यातून y = 3 + 0.5x ही रेषा निघते. प्रत्येक बिंदू रेषेपासून उभ्या दिशेत किती वर किंवा खाली राहिला, तो त्याचा शेष. हे अकरा शेष मी कागदावर लिहून देते, पण x = 4 आणि x = 14 समोरचे दोन झाकून ठेवते आणि ते शोधायला सांगते.

मुळातली y ची किंमत न पाहता ते सापडतात. लघुतम वर्ग पद्धत शेषांवर दोन अटी घालते. सगळ्या शेषांची बेरीज शून्य यावी लागते आणि प्रत्येक शेषाला त्याच्या x ने गुणून केलेली बेरीजही शून्य यावी लागते. दिसणाऱ्या नऊ शेषांची बेरीज 0.781 आहे, म्हणून झाकलेल्या दोघांची बेरीज −0.781 असली पाहिजे. x ने गुणलेल्या नऊ शेषांची बेरीज 3.539 भरते, म्हणून झाकलेल्यांची −3.539. दोन अज्ञात, दोन समीकरणे. उत्तर येते: x = 4 पाशी सुमारे −0.740 आणि x = 14 पाशी −0.041. कोणतेही दुसरे दोन शेष झाकले तरी ते असेच निघतात. चढ आणि छेद असे दोन आकडे आपण याच माहितीतून काढले, म्हणून अकरांपैकी नऊच शेष मोकळे उरले. डिग्रीज ऑफ फ्रीडम म्हणतात ते हेच नऊ.

यावर वर्गातून दर वेळी एक रास्त शंका येते: नऊच मोकळे असले तरी वर्ग अकराही शेषांचे करतो, मग भागायचे नऊने का?

याचे उत्तर रेषेच्या वागण्यात आहे. खरी रेषा माहीत असती, तर तिच्यापासूनच्या अंतरांच्या वर्गांची बेरीज अकरानेच भागली असती. पण आपली रेषा याच बिंदूंवरून काढलेली आहे आणि प्रत्येक बिंदू तिला आपल्याकडे ओढतो. त्यामुळे खऱ्या रेषेपेक्षा ती या बिंदूंच्या जवळून जाते आणि शेष मूळ चुकांपेक्षा सरासरीने लहान पडतात. ही ओढ मोजता येते. सरासरीच्या जागी, x = 9 ला असलेल्या बिंदूची ओढ 1/11, म्हणजे सुमारे 0.09 आहे. टोकाच्या 4 आणि 14 ची 0.318. ज्या बिंदूची ओढ h, त्याच्या शेषाचे विचरण मूळ विचरणाच्या (1 − h) पट राहते. अकरा ओढींची बेरीज केली की बरोबर 2 येते. म्हणून शेषांच्या वर्गांची बेरीज सरासरीने मूळ विचरणाच्या 11 − 2, म्हणजे नऊ पट भरते. नऊने भागले की अंदाज सरासरीने बरोबर येतो. अकराने भागले तर तो सरासरीने कमी पडतो.

हे संगणकावरही तपासता येते. आर या भाषेत हा संच आधीपासूनच असतो:

```
fit <- lm(y1 ~ x1, data = anscombe)
summary(fit)
sd(resid(fit))
```

`summary` च्या निकालात ही ओळ दिसते: `Residual standard error: 1.237 on 9 degrees of freedom`. शेषांच्या वर्गांची बेरीज 13.763 आहे. तिला 9 ने भागले की 1.529, आणि त्याचे वर्गमूळ 1.237. तिसरी ओळ मात्र 1.173 देते, कारण `sd` ला रेषेचा पत्ताच नसतो. ते एक सरासरी वजा धरून 10 ने भागते. अहवालातला आकडा असा थोडा कमी दिसला, तर भाजक आधी पाहावा. बिंदू थोडे आणि गुणक जास्त असतील तेव्हा हा फरक मोठा होतो. दोनच बिंदूंतून रेषा काढली तर शेष शून्य, भाजकही शून्य, आणि विचरणाबद्दल काहीच कळत नाही.

नऊ हा आकडा बरोबर असला, तरी तो कुठून आला हे तो सांगत नाही. अ‍ॅन्स्कोम्ब यांच्या चौथ्या संचात दहा बिंदू x = 8 वर आहेत आणि एकटा x = 19 वर. तिथेही रेषा जवळजवळ तीच येते आणि डिग्रीज ऑफ फ्रीडम नऊच. पण त्या एकट्या बिंदूची ओढ 1 आहे. त्याची y काहीही असो, रेषा त्याच्यातूनच जाते आणि त्याचा शेष शून्य राहतो. उरलेल्या दहांची ओढ प्रत्येकी 0.1, म्हणजे बेरीज पुन्हा 2. तिथले विचरण केवळ दहा मोजणींनी आपल्याच सरासरीभोवती दाखवलेले विचरण आहे, आणि रेषेचा चढ एकाच बिंदूवर टेकलेला आहे. म्हणून भाजक तपासून झाला की `hatvalues(fit)` ने प्रत्येक बिंदूची ओढही पाहावी.